स्वागताची पहिली चार वाक्ये

प्रश्न : जयपूरच्या बनी पार्कमध्ये राहतो. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागत माझ्याकडे आहे. श्रोते हिंदीभाषक, काही मराठी कुटुंबे. सुरुवात कशी करू?

उत्तर : संबोधन एका दमात संपवा. आधी प्रमुख पाहुणे, मग अध्यक्ष, मुख्याध्यापिका, शिक्षक, पालक आणि शेवटी मुले. नावे फक्त पहिल्या दोघांची घ्या. बाकीच्यांची घेत बसलात की एक तरी राहतेच आणि तीच व्यक्ती नेमकी पहिल्या रांगेत असते! पाहुण्यांचा परिचय सूत्रसंचालक देतील, तो तुम्ही देऊ नका.

भाषण हिंदीतच ठेवा. प्रत्येक वाक्य मराठीत पुन्हा सांगितले, तर दोन्हीकडचे लोक कंटाळतात. मराठी एकाच जागी, पालकांना उद्देशून येऊ द्या. उदाहरणार्थ, पहिल्या दोघांची नावे तुम्ही घाला :

“आदरणीय मुख्य अतिथि महोदया, अध्यक्ष महोदय, प्रधानाचार्या जी, सभी शिक्षकगण और अभिभावक, आप सबको राम राम सा! आणि आमच्या मराठी आई-बाबांना, आजी-आजोबांना मनापासून नमस्कार. परदे के पीछे खड़े नन्हे कलाकारो, तुम्हारे घुँघरू यहाँ तक सुनाई दे रहे हैं! आइए, शुरू करें।”

हे अर्ध्या मिनिटात होते. मुलांना शेवटी हाक मारली की ती हमखास ओरडून उत्तर देतात. तो गलका ओसरेपर्यंत थांबा, नाहीतर पुढचे वाक्य वाया जाते. महोदय की महोदया, हे मात्र आदल्या दिवशीच शाळेत विचारून घ्या. ऐनवेळी पाहुणे बदलतात.