चहाच्या सुट्टीतली ओळख आणि निसटणारं नाव



परिषदेहून परत आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न असतो, "काय नवं कळलं?" व्यासपीठावरची भाषणं बहुतेक वेळा छापील मिळतात. चहाच्या कपाबरोबर जे कळतं ते मात्र कुठं छापून येत नाही. मग असं होतं बघा : "संत्र्यावाला एक बागाईतदार भेटला होता, ठिबकचं फार चांगलं सांगत होता." "नाव काय त्याचं?" "ते काही ध्यानात नाही राव." आता फोन कुणाला करायचा? भाडं खर्चून मिळालेली माहिती तिथंच संपली. म्हणून या पाठात दोनच गोष्टी बघू : अनोळखी माणसाशी बोलणं कसं काढावं आणि त्याचं नाव कसं धरून ठेवावं.

उदाहरणाला नागपूर घेऊ. कापूस आणि लिंबूवर्गीय फळं या दोन्हींच्या केंद्रीय संशोधन संस्था तिथं आहेत. सीताबर्डीला लागून असलेल्या रामदासपेठेत सेंटर पॉईंटसारखी सभागृहं असलेली हॉटेलं आहेत. अशा सभागृहात ऊसवाला सभासद गेला तर भोवती संत्रा, कापूस, सोयाबीनवाले. ओळखीचं कुणी नाही, आणि चहाची सुट्टी 15 ते 20 मिनिटांची.

१. बोलणं कसं काढावं

एकाच "हो" किंवा "नाही"मध्ये उत्तर संपेल असा प्रश्न पहिल्यांदा विचारू नये. "भाषण चांगलं झालं ना?" म्हटलं की समोरचा "हो जी" म्हणतो आणि बशीत बघतो. त्याच्या पिकातला, त्याला रोज ठरवावा लागतो असा प्रश्न काढावा. संत्रावाल्याला विचारावं, "तुम्ही आंबिया बहार धरता की मृग?" आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची पावसाच्या सुरुवातीला. कोणता धरायचा हे पाण्यावर आणि बाजारावर ठरतं, म्हणून उत्तर आपोआप लांबतं. कापूसवाल्याला विचारावं, "कोरडवाहू की ओलीत?" आपण बागायत म्हणतो त्याला तिकडं ओलीत म्हणतात, आणि आपल्या रानाला वावर. त्यांचा शब्द वापरला की माणूस लगेच मोकळा होतो.

जेवणाच्या रांगेत तर प्रश्न ताटातच असतो. नागपुरी वडाभात असेल तर शेजारच्याला विचारावं, "यावर फोडणीचं तेल किती घ्यायचं असतं?" माहीतगाराला सांगायला आवडतंच. संबोधन "भाऊ" हे विदर्भात कुणालाही चालतं, स्त्री असेल तर "ताई". बरोबरीच्या वयाच्या माणसाला "काका" म्हणू नये.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक, "किती एकर?" हा प्रश्न पहिल्या भेटीत नको, त्यात माणसाची ऐपत मोजल्यासारखं होतं. दुसरी, आडनाव कळल्यावर "म्हणजे तुम्ही कोणते?" असं खोदू नये. आपण गाव विचारत असू, पण ऐकणाऱ्याला ती जातीची चौकशी वाटते, आणि बोलणं तिथंच तुटतं.

२. नाव का निसटतं

स्मरणशक्ती कमी म्हणून नाव जातं असं आपण समजतो. पुष्कळ वेळा ते कानात गेलेलंच नसतं. 1973 साली माल्कम ब्रेनर या संशोधकानं माणसांना टेबलाभोवती बसवून पाळीपाळीनं शब्द वाचायला लावले. प्रत्येकाला आपल्या पाळीच्या ऐन आधी वाचलेले शब्द कमी आठवले, कारण त्या वेळी तो स्वतःच्या पाळीत गुंतला होता. ओळख करून देतानाही तेच होतं. समोरचा नाव सांगतो तेव्हा आपण "आता माझं नाव, कारखाना, तालुका" अशी जुळणी करत असतो.

दुसरं कारण म्हणजे नावाला दुसऱ्या कशाचा आधार नसतो. ब्रिटनमध्ये 1987 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोच शब्द एकाचं आडनाव म्हणून आणि दुसऱ्याचा धंदा म्हणून सांगितला. धंदा आठवला, आडनाव कमी आठवलं. आपल्याकडं बघा, "मी सुतारकाम करतो" म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा डोळ्यांपुढं येतो. "माझं आडनाव सुतार" म्हटलं तर काहीच येत नाही. म्हणून नावाला चित्र जोडून द्यावं लागतं.

३. नाव धरून ठेवण्याची रीत

आधी आपलं नाव सांगून मोकळं व्हावं, मग त्याचं विचारावं. म्हणजे कान रिकामे राहतात. नाव नीट ऐकू आलं नाही तर तिथल्या तिथं पुन्हा विचारावं. तेव्हा विचारणं शोभतं, अर्ध्या तासानं अवघड होतं. मग नावाचं चित्र करावं आणि नाव थोड्या थोड्या वेळानं स्वतःला विचारावं. 1978 साली लँडाउर आणि बियॉर्क यांनी नावांवरच प्रयोग करून दाखवलं की आधी लवकर, मग वाढत्या अंतरानं आठवलं तर नाव चांगलं टिकतं. एकदम दहा वेळा घोकून तितका उपयोग होत नाही.

४. करून बघू

समजा, सुट्टी 11 वाजता झाली. संत्रावाल्यानं नाव सांगितलं : मधुकर काटोलकर (हे नाव केवळ उदाहरणाचं). काटोल हे संत्र्याचं गाव, आणि मधुकर म्हणजे भुंगा. संत्र्याच्या पांढऱ्या फुलावर बसलेला भुंगा मनात आणा. लगेच नाव वापरा : "मधुकरभाऊ, आमच्या उसात ड्रिपर क्षारानं बंद पडतात. तुम्ही काय करता?" ते सांगतील, आम्लप्रक्रिया करून नळ्या 24 तास तशाच ठेवतो आणि मग धुऊन काढतो. द्रावण करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

दोन मिनिटांनी, बोलता बोलता, मनात विचारा : नाव काय? निरोप घेताना ते तोंडानं म्हणा, "येतो मधुकरभाऊ." सभागृहात बसल्यावर एकदा आठवा, जेवणाच्या रांगेत एकदा, रात्री झोपताना एकदा. आठवलं नाही तर खिशातली चिठ्ठी बघावी, पण आठवायचा प्रयत्न आधी करावा. त्या प्रयत्नानंच नाव पक्कं होतं.

मोबाईलमध्ये नंबर घेताना नुसतं नाव घालू नये. "मधुकर काटोलकर, संत्रा, ठिबक आम्लप्रक्रिया" असं घालावं. सहा महिन्यांनी नाव गेलं तरी "ठिबक" टाकून माणूस सापडतो.

५. मर्यादा

एका सुट्टीत दोन-तीन नावांपेक्षा जास्तीचा हव्यास धरू नये, नाहीतर भुंगा एका माणसाचा आणि फूल दुसऱ्याचं होतं. "अनिल", "संजय" अशा नेहमीच्या नावाचं चित्र जमत नाही. तिथं आपल्या ओळखीच्या त्याच नावाच्या माणसाशेजारी या पाहुण्याला मनात उभं करावं. आणि चित्र चेहऱ्याच्या व्यंगावरून करू नये. कधी ना कधी ते तोंडातून निघतं.

एवढं करूनही नाव गेलंच तर "भाऊ" म्हणून वेळ मारून नेऊ नये. "बोलणं सगळं ध्यानात आहे, ड्रिपरचं सांगितलंत, नाव तेवढं पुन्हा सांगा," असं सरळ म्हणावं. त्याचं सांगणं आपण ऐकलं होतं हे कळल्यावर कुणी राग धरत नाही.

परत आल्यावर ते नाव, गाव आणि कळलेली गोष्ट गट ऑफिसात शेतकी खात्याकडं लिहून द्यावी. म्हणजे ड्रिपर ज्याचे बंद पडलेत त्या दुसऱ्या सभासदालाही तोच फोन लावता येईल.