चिडवणाऱ्या दोस्ताला उत्तर

सौंसर

चि. बाळूस,


तुझ्या खोलीतली पुण्याची मुलं "काय करून राहिला बे?" म्हणत तुझी नक्कल करतात आणि मग तू दिवसभर त्यांच्याशी बोलत नाहीस, असं ताई सांगत होती. तुझा अबोला त्यांना राग वाटतो आणि उलट बोललास तर भांडण होतं. या दोहोंच्या मध्ये एक जागा आहे.

पुढच्या वेळी कोणी असं विचारलं की लगेच म्हण, "जेवून राहिलो. तू बसतो का बे?" आणि ताट थोडं सरकव. त्यानं ज्या बोलण्यावरून डिवचलं, तेच तू मजेत बोललास, त्यामुळे डिवचायला काही उरत नाही. शिवाय त्याला शेजारी बसायला जागा मिळाली. "तुमचं पुणेरी तरी कुठं शुद्ध आहे?" असं मात्र म्हणू नकोस. त्यानं चेष्टा तुझ्या एका वाक्याची केली होती. तू त्याच्या गावावर, घरावर गेलास की गंमत संपली. उत्तर एकाच वाक्याचं असावं. दुसरं वाक्य जोडलंस की तो खुलासा वाटतो, तिसरं जोडलंस की तक्रार.

"तुम्ही एमपीवाले, मराठी कसे?" यावर वाद घालणारे मी तरुणपणी पाहिले आहेत. त्यापेक्षा म्हण, "1956 ला रेषा सरकली, आम्ही जागेवरच आहोत." हे खरंच आहे. त्या वर्षी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. खरी गोष्ट हसत सांगितली की समोरचा पुढचा प्रश्न कुतूहलानं विचारतो.

गोटमारीवरून कोणी "तुम्ही दगड मारता ना?" म्हणालं, तर "ते पांढुर्ण्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी संत्री आणतो," एवढं पुरे. तिथं माणसं जिवानिशी गेली आहेत, म्हणून तो विनोद वाढवू नकोस.

उत्तर दिल्यावर त्याचं तोंड बघ. तोही हसला तर विषय सोड, जिंकल्यासारखं पुन्हा बोलू नकोस. बाकीचे हसले आणि तो एकटा गप्प झाला, तर तुझं उत्तर जास्त लागलं आहे; लगेच "चल, चहा घेऊ" म्हण. आणि एवढं करूनही तो तेच रोज करत राहिला, किंवा जात, आईबाप, रंग यांवर आला, तर हजरजबाबीपणा बाजूला ठेव. चारचौघांत नाही, एकट्याला गाठून सरळ सांग, "हे मला लागतं, बंद कर." खरा दोस्त असेल तर तेवढ्यावर थांबेल.

दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतील. त्या मुलांना घेऊन ये.

तुझा,
मामा