हळदीच्या साइटचे आकडे वाचताना

अगं, तुझी शीट उघडून बघितली. वसमतच्या हळदीची साइट कल्पून सरांनी सरावाला आकडे दिलेत, हे बरं केलं. हळद आपल्या अंगणातली आहे, त्यामुळे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर उभं राहतं. पण पहिल्याच ओळीत तू लिहिलंस की बाउन्स रेट ६२ टक्के म्हणजे साइट वाईट. ते आधी खोड.

एक हजार सेशन्स आहेत ना, ती लोक कोणत्या पानावर उतरले त्यानुसार वेगळी कर. सहाशे सेशन्स ‘आजचा हळद भाव’ या पानावर सुरू झालीत, त्यातली ४८० बाउन्स, म्हणजे ८० टक्के. उरलेली चारशे हळदीच्या पाकिटांच्या पानांवर सुरू झालीत, त्यातली १४० बाउन्स, म्हणजे ३५ टक्के. दोन्हींची बेरीज ६२० येते आणि तुझे ते ६२ टक्के तिथूनच आलेत. आता भावाच्या पानावर कोण येतं ते बघ. सेनगावचा शेतकरी मोंढ्यात माल न्यायच्या आधी फोनवर भाव बघतो आणि फोन खिशात टाकतो. आठ सेकंदांत त्याचं काम झालं, तरी त्याचं नाव बाउन्समध्येच. कारण जीए४ मध्ये सेशन दहा सेकंदांहून जास्त चाललं, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तरच ते गुंतलेलं धरतात. बाकी सगळं बाउन्स. ही दहा सेकंदांची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते, त्यामुळे दोन साइट्सची तुलना करण्याआधी ती तपासावी लागते.

आणि जुन्या पुस्तकातली व्याख्या उतरवू नकोस. २०२३ च्या जुलैपर्यंत चाललेल्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये एकच पान पाहून गेलेला माणूस बाउन्स. त्यानं पाच मिनिटं मन लावून वाचलं तरी वेळ शून्यच लागायचा. तेव्हाचा रेट आणि आताचा रेट एका आलेखात जोडला, तर सर लाल पेन उचलणारच.

सेशनच्या सरासरी वेळेवर फार लिहू नकोस. नऊ जण चाळीस-चाळीस सेकंद थांबले आणि एक जण अर्धा तास रेंगाळला, तर सरासरी येते ३ मिनिटं ३६ सेकंद, आणि इतका वेळ थांबलेला त्या दहांत एकही नाही! शिवाय वेळ जास्त म्हणजे माणूस रमलाच असं थोडंच आहे? पत्त्याच्या फॉर्ममध्ये पिनकोड टाकतोय आणि तो घेतच नाही, तिथेही वेळ वाढतोच.

खरी गंमत फनेलमध्ये आहे, तिथे वेळ दे. पण एक लक्षात ठेव, फनेल माणसं मोजतो आणि वरचे आकडे सेशन्सचे होते, त्यामुळे या आकड्यांना हजारानं भागू नकोस. पाकीट पाहणारे ३००, `add_to_cart` ६०, `begin_checkout` ४५, `purchase` ९. पहिल्या पायरीवर ८० टक्के गळती, शेवटच्या पायरीवरही ८० टक्केच. तू दोन्हींना एकच वाक्य लिहिलंस. अगं, पहिल्या पायरीवर नुसते बघे असतात, ते जाणारच. पण पत्ता भरायला बसलेल्या ४५ जणांना हळद हवी होती. त्यातले ३६ कुठे गेले?

म्हणूनच शीटच्या दुसऱ्या पानावर सरांनी पेमेंट गेटवेची यादी ठेवलीय, ती तू उघडलेलीच दिसत नाहीस. त्यात यशस्वी व्यवहार २७ आहेत! म्हणजे १८ जणांनी पैसे भरले, हळद त्यांच्याकडे रवानाही झाली असेल, पण ॲनालिटिक्सला पत्ताच नाही. बहुतेक असं झालं असावं: `purchase` ची नोंद ‘धन्यवाद’च्या पानावर होते. यूपीआयवाला माणूस साइटवरून पैशांच्या ॲपमध्ये जातो, टिकमार्क दिसला की तिथूनच बाहेर पडतो, साइटवर परततच नाही. दोन्ही याद्यांतले `transaction_id` जुळवून बघ. गहाळ असलेले सगळे यूपीआयचे निघाले आणि कार्डवाले सगळे जुळले, तर शंका पक्की. मग खरी गळती ४५ वरून २७, म्हणजे ४० टक्के; आणि उपाय बटणाचा रंग बदलण्याचा नाही, नोंद सर्व्हरवरून पाठवण्याचा आहे.

उरलेल्या १८ जणांबद्दल मात्र जपून लिही. डिलिव्हरीचा खर्च बघून ते फिरले असतील, नाहीतर फॉर्मला वैतागले असतील. फनेल कुठे गळती झाली एवढंच सांगतो. आणि ४५ मध्ये एक माणूस म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त, तेव्हा ‘मोबाइलवाले जास्त सोडून जातात’ असं दहा-बारा जणांवरून ठोकून देऊ नकोस. त्याऐवजी पत्ता आणि डिलिव्हरीचा खर्च या दोन पायऱ्या फनेलमध्ये वेगळ्या टाकून पुढचे काही आठवडे मोजावं, असं सुचव. यादी जुळवून झाली की मला पाठव, रात्री बघते.