डिस्चार्ज कार्डातील एक तृतीयांश

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत तात्पुरती ठेवलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, वेळेवर काढली नाही तर तिच्यावर क्षारांचे थर चढतात. ती अडकते, आणि कधी कधी मूत्रपिंडही धोक्यात येते. ती काढण्याची तारीख बहुधा डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत असते. तेथवर फार थोडे वाचक पोचतात. म्हणून कार्ड आखूड हवे; परंतु आखूड करताना तारीखच गळाली तर सारेच व्यर्थ. पुढील कल्पित मसुदा पाहावा.

‘सदर रुग्ण डाव्या कुशीतील तीव्र वेदनांची तक्रार घेऊन ३ मार्च रोजी आमच्या रुग्णालयात दाखल झाले. तपासणीअंती डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटर आकाराचा खडा असल्याचे निदर्शनास आले. ४ मार्च रोजी दुर्बिणीद्वारे खडा काढण्यात येऊन डीजे स्टेंट बसविण्यात आला. थांबविलेली अॅस्पिरिन ११ मार्चपासून पुन्हा सुरू करण्यात यावी. स्टेंट काढण्यासाठी रुग्णाने २५ मार्च रोजी न चुकता पुनश्च यावे.’

हे शब्द ५४ आहेत. काटछाटीपूर्वी लाल पेनाने अधोरेखन करावे: तारखा चार, बाजूचा उल्लेख दोनदा, माप एक, आणि निर्णय दोन, अॅस्पिरिनचा व स्टेंटचा. ही नोंद समासात लिहून मगच कात्री चालवावी.

‘स्टेंट काढण्यासाठी २५ मार्चला न चुकता यावे. थांबविलेली अॅस्पिरिन ११ मार्चपासून पुन्हा द्यावी. डाव्या कुशीत तीव्र वेदना म्हणून ३ मार्चला दाखल झाले. डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा आढळला. ४ मार्चला दुर्बिणीने खडा काढून डीजे स्टेंट बसविला.’

शब्द ३६ उरले. गेले ते ‘काढण्यात येऊन’, ‘असल्याचे निदर्शनास आले’, ‘रोजी’ असे; आपल्या कार्यालयीन मराठीची ही हौस जुनीच आहे.

मोह होतो तो निराळ्या ठिकाणी. दुसरे ‘डाव्या’ पुनरुक्तीसारखे भासते, पण तसे नाही: पहिले रुग्णाची तक्रार सांगते, दुसरे तपासणीचा निष्कर्ष. ‘थांबविलेली’ हा शब्द गाळला, तर गावातील डॉक्टर अॅस्पिरिन हे नवे औषध समजतील. आणि ‘२५ मार्चला’ऐवजी ‘योग्य वेळी’ लिहिल्यास मुदतच नाहीशी होते. वाक्य मात्र नीटनेटके दिसते, म्हणून चूक ध्यानात येत नाही.

यास्तव पडताळणी नवा मजकूर वाचून करू नये. आपल्या मनात मूळ असल्यामुळे गाळलेलेही आपल्याला दिसत राहते. समासातील नोंद एकेक घेऊन ती नव्या मजकुरात बोटाने दाखवावी. त्याहून उत्तम म्हणजे रुग्ण न पाहिलेल्या सहकाऱ्याला कार्ड देऊन विचारावे: काय थांबवले, कधी सुरू करायचे, पुन्हा कधी बोलवायचे?

मसुदा आधीच काटेकोर असेल, तर एक तृतीयांश निघणार नाही. अशा वेळी एक दशांशावर थांबावे. औषधाच्या अॅलर्जीची ओळ गाळून संख्या जुळवू नये.