साक्षगंधाची अंगठी : आधी रक्कम ठरवा, मग वजन

ताईंनो, साक्षगंध जमलं की घरात पहिला प्रश्न येतो, "मुंदी किती ग्रॅमची?" हा प्रश्न उलटा आहे. आधी विचारायचं, "हातात किती आहेत?"

हातातले म्हणजे मुलगा-मुलीच्या खात्यात आज जमा असलेले. धानाचे चुकारे अजून आले नसतील तर ते धरू नका. रोवणीचा आणि खताचा पैसा बाजूला काढा. जे उरेल त्यातच दोन्ही अंगठ्या बसवायच्या.

समजा, दोघांचे मिळून ३०,००० रुपये उरले. हिशोब सोपा जावा म्हणून २२ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० धरू. पण दुकानात एक ग्रॅम १०,००० ला पडत नाही. त्यावर घडणावळ लागते. ती १२ टक्के असेल तर ११,२०० झाले. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ११,५३६. आता ३०,००० ला ११,५३६ ने भागा. उत्तर येतं २.६ ग्रॅम, म्हणजे १.३ ग्रॅमची एकेक अंगठी.

आता दुकानदार म्हणतो, "अडीच ग्रॅमच्या घ्या, शोभून दिसतात." दोन अंगठ्यांचे ५७,६८० होतात. जवळपास २८,००० कमी पडतात. ते गटातून शेकडा दोनने काढले आणि बारा समान हप्त्यांत मुद्दल फेडलं, तर व्याजच ३,६४० रुपये जातं. पहिला हप्ता २,९०० च्या आसपास येतो, आणि तोही नव्या संसाराच्या पहिल्याच महिन्यांत. शिवाय अडचणीत अंगठी मोडायला गेलात तर भाव मिळतो सोन्याचा. घडणावळ आणि जीएसटीचे ७,६८० रुपये परत येत नाहीत. म्हणून अंगठी ही बचत आहे असं समजून कर्ज काढू नका.

हलकी अंगठी घेताना दोन गोष्टी पाहा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. त्यामुळे तो नसू शकतो, पण आपण मागायचा. हॉलमार्कमध्ये बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला 22K916) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो. हा क्रमांक मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. दुसरं, खडा असेल तर त्याचं वजन सोन्यात धरू देऊ नका. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. घडणावळ प्रत्येक दुकानात वेगळी असते, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा. १२ ऐवजी ८ टक्के झाली, तर त्याच ३०,००० त थोडं जास्त सोनं येतं.

दोन्ही घरच्या बायांनी साक्षगंधाच्या बोलणीतच रक्कम सांगून टाकावी. "आमची एका अंगठीची रक्कम पंधरा हजार, त्यात जेवढी येईल तेवढी," एवढं एक वाक्य पुरे. वजन नंतर आपोआप ठरतं.

बैठकीसाठी काम : आजचा २२ कॅरेटचा भाव विचारून या आणि वरचा हिशोब पाटीवर करून पाहा.