आरक्षण खिडकीवरील संवाद : हिंदीचा पहिला पाठ

विदर्भातील अनेक कुटुंबे बोधगयेला जातात. तिथे जाण्यायेण्यासाठी गया हे जवळचे मोठे रेल्वेस्थानक आहे. जाण्याचे तिकीट बहुधा आपल्याच गावच्या खिडकीवर काढले जाते. तेथील लिपिकाला मराठी समजते, किंवा मागे उभे असलेले कोणीतरी मदतीला येते. खरी कसोटी लागते ती परतीचे तिकीट गयेच्या खिडकीवर काढताना. म्हणून हिंदी नव्याने शिकणाऱ्यांसाठी आम्ही हा प्रसंग निवडला आहे. संवादातील गाडीची वेळ केवळ पाठासाठी घेतली आहे.

खिडकीवरचा संवाद तोंडाने सुरू होत नाही, तो कागदाने सुरू होतो. रांगेत उभे राहण्यापूर्वी आरक्षणाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात गाडीचा क्रमांक व नाव, प्रवासाची तारीख, कोठून कोठे जायचे, कोणता वर्ग, प्रत्येक प्रवाशाचे नाव, वय व लिंग ही माहिती लिहायची असते. एका फॉर्मवर सहा प्रवाशांपर्यंत नावे लिहिता येतात. लिपिक हा कागद पाहूनच प्रश्न विचारतो. त्यामुळे फॉर्म नीट भरला असेल, तर बोलण्याचे निम्मे काम झालेले असते.

आता संवाद वाचू.

यात्री : नमस्ते। मुझे गया से नागपुर के तीन टिकट चाहिए।
लिपिक : फॉर्म भरा है?
यात्री : जी, यह लीजिए।
लिपिक : किस दिन जाना है?
यात्री : 14 तारीख की रात को।
लिपिक : गाड़ी रात साढ़े बारह बजे छूटती है। बारह के बाद 15 तारीख लग जाती है। आपने फॉर्म में 14 लिखा है।
यात्री : हम 14 की रात खाना खाकर स्टेशन आएँगे।
लिपिक : तब तो 15 का टिकट बनेगा। तारीख ठीक कर दीजिए।
यात्री : जी, कर दी। स्लीपर में जगह है?
लिपिक : आरएसी है। बैठने की जगह मिलेगी, बर्थ खाली हुई तो बर्थ भी।
यात्री : ठीक है, बना दीजिए।

पहिले वाक्य पाहा. मराठीत आपण ‘मला तिकीट पाहिजे’ म्हणतो. हिंदीत तीच रचना ‘मुझे टिकट चाहिए’ अशी होते. ‘मला’च्या जागी ‘मुझे’ आणि ‘पाहिजे’च्या जागी ‘चाहिए’ ठेवले की वाक्य तयार. आपल्याकडे मात्र ‘मेरेको टिकट होना’ असे हिंदी सर्रास कानी पडते. नागपुरात ते चालून जाते, पण गयेच्या लिपिकाला ते खटकेल, कारण त्याच्या हिंदीत ‘होना’ म्हणजे ‘असणे’ किंवा ‘घडणे’, ‘हवे असणे’ नव्हे. ‘से’ हा शब्दही ध्यानात ठेवावा. ‘गया से नागपुर’ म्हणजे ‘गयेहून नागपूरला’. ज्या गावामागे ‘से’ येतो, तिथून प्रवास सुरू होतो. हे उलट बोलले, तर तिकीटही उलट दिशेचे निघेल.

या संवादाची खरी गाठ तारखेत आहे. प्रवाशाच्या मनात ‘चौदाची रात्र’ आहे. जेवण चौदाला, सामान बांधणे चौदाला, म्हणून गाडीही चौदाची, असे त्याला वाटते. रेल्वेचा दिवस मात्र रात्री बारा वाजता बदलतो. साडेबाराला सुटणाऱ्या गाडीवर 15 तारीख पडलेली असते. प्रवाशाने 14 चेच तिकीट घेतले असते, तर त्याची गाडी तेराच्या रात्री, म्हणजे चौदा तारीख लागल्यावर अर्ध्या तासाने निघून गेली असती. चौदाला रात्री आठ वाजता कुटुंब स्थानकावर पोचले असते, तेव्हा ती गाडी सुटून साडेएकोणीस तास झालेले असते. आणि सुटून गेलेल्या गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

संवादातील लिपिकाने ही चूक दाखवून दिली. प्रत्येक लिपिक ती दाखवीलच असे नाही. मागे रांग मोठी असेल, तर तो फॉर्मवरची तारीख तशीच यंत्रात भरील, आणि दोष त्याचा म्हणता येणार नाही. म्हणून यात्रीने उच्चारलेले एक वाक्य आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो : ‘हम 14 की रात खाना खाकर स्टेशन आएँगे।’ बारानंतरच्या गाडीसाठी नुसती तारीख सांगून भागत नाही. आपण घरून कधी निघणार हे सांगितले, की योग्य तारीख लिपिकालाही ठरवता येते.

तारखेच्या बाबतीत हिंदीतील ‘कल’ हा शब्द नवशिक्याला आणखी अडवतो. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ हे दोन शब्द आहेत. हिंदीत दोहोंसाठी ‘कल’ हा एकच. ‘कल आया था’ म्हणजे काल आलो होतो, ‘कल जाऊँगा’ म्हणजे उद्या जाईन. अर्थ क्रियापदावरून कळतो. ‘परसों’चेही तसेच, तो ‘परवा’प्रमाणे मागे आणि पुढे दोन्हीकडे चालतो. खिडकीवर हे दोन्ही शब्द टाळून तारखेचा आकडा सांगणे उत्तम. मात्र आकडेही जपून उच्चारावेत. ‘उन्नीस’ म्हणजे एकोणीस आणि ‘उनतीस’ म्हणजे एकोणतीस. घाईत दोन्ही सारखे ऐकू येतात, आणि चूक झाली तर दहा दिवसांचा फरक पडतो. शंका वाटल्यास फॉर्मवरच्या आकड्यावर बोट ठेवून ‘यही तारीख’ म्हणावे.

शेवटी लिपिकाचे उत्तर. ‘कन्फर्म’ म्हणजे बर्थ निश्चित मिळाली. ‘आरएसी’ म्हणजे प्रवास करता येईल, पण तूर्त बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी मिळून बसायचे; कोणी तिकीट रद्द केले तर पूर्ण बर्थ मिळू शकते. ‘वेटिंग’ म्हणजे अजून जागाच नाही. ते तिकीट शेवटपर्यंत वेटिंगच राहिले, तर त्यावर स्लीपरच्या डब्यात बसण्याचा हक्क मिळत नाही. म्हणून ‘बना दीजिए’ म्हणण्यापूर्वी यांपैकी कोणता शब्द ऐकू आला, हे मनात पक्के करावे. वृद्ध व्यक्ती सोबत असेल, तर ‘नीचे की बर्थ मिल सकती है?’ हेही तेव्हाच विचारावे.

तिकीट हाती आले, की खिडकीसमोरच तारीख, सुटण्याची वेळ, दोन्ही स्थानकांची नावे आणि प्रवाशांची संख्या तपासावी. पैसे मोजण्याआधी ही चार ठिकाणे वाचावीत. चूक आढळल्यास ‘इसमें तारीख गलत है, देख लीजिए’ एवढे वाक्य पुरते. तेथून हलल्यावर तीच चूक दुरुस्त करणे फार अवघड जाते.

स्वाध्याय : गाडी रात्री सव्वाबाराला सुटते. तुम्हाला रविवार, 19 तारखेचे संध्याकाळचे कार्य आटोपून त्याच रात्री निघायचे आहे. फॉर्मवर कोणती तारीख लिहाल, आणि लिपिकाला हिंदीत काय सांगाल?

उत्तर : तारीख 20. ‘मुझे 20 तारीख का टिकट चाहिए। हम रविवार, 19 की रात को स्टेशन आएँगे।’