मुदतीचे पाच लाख आणि रुग्णालयाचे बिल

आपल्याकडे ‘माझा पाच लाखांचा विमा आहे’ हे वाक्य फार निश्चिंतपणे म्हटले जाते. ते पाच लाख कधी मिळतील, कोणाला मिळतील आणि कशाच्या बदल्यात मिळतील, हे तीन प्रश्न विचारले की मात्र बहुतेक घरांत शांतता पसरते. एन्डोमेंट किंवा मनी-बॅक पॉलिसीत ही रक्कम दोनच प्रसंगी हातात येते. विमाधारकाचा मृत्यू झाला तर ती वारसाला मिळते, आणि तो मुदत संपेपर्यंत हयात राहिला तर बोनससह त्याला स्वतःला मिळते. मनी-बॅकमध्ये मधल्या ठरलेल्या वर्षी काही भाग परत येतो, पण तेही वर्ष आधीच लिहिलेले असते. आजारपण या दोन्हींत कुठेच बसत नाही. रुग्णालयात दाखल झालेला माणूस जिवंत असतो आणि त्याच्या पॉलिसीची मुदत बहुधा संपलेली नसते. म्हणजे त्याला पैशांची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी ही पॉलिसी त्याला काहीही देणे लागत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. पस्तिसाव्या वर्षी एखाद्याने २० वर्षांची, ५ लाखांची एन्डोमेंट घेतली आणि वर्षाचा हप्ता २६,००० रुपये आहे असे धरू. सहा हप्ते भरून झाले, म्हणजे १,५६,००० रुपये गेले. एक्केचाळिसाव्या वर्षी छातीत दुखू लागले, अँजिओप्लास्टी करावी लागली आणि बिल २,६०,००० झाले. पॉलिसी मोडायची म्हटले तर या टप्प्यावर नियमानुसार भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्या रकमेची, म्हणजे ७८,०००ची हमी असते. जमा बोनस धरून सरेंडर व्हॅल्यू १ लाखाच्या आसपास गेली असे समजू. न मोडता कर्ज काढले तर साधारणपणे तिच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९०,००० मिळतील. उरलेले १,७०,००० बाहेरून उभे करायचे. काढलेल्या कर्जावर व्याज चालू राहते, आणि ते फेडले नाही तर पुढे मुदतपूर्तीच्या किंवा मृत्यूदाव्याच्या रकमेतून वळते होते. पॉलिसी मोडली असेल तर त्या दिवसापासून कुटुंबाचे जीवनसंरक्षणही संपते, आणि तेही कमावत्या माणसाचे हृदय नुकतेच दुखावलेले असताना! ‘अडचणीला पॉलिसीवर कर्ज मिळतेच की’ असे म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा कागदावर करावी.

त्याच माणसाकडे ५ लाखांची मेडिक्लेम असती तर हिशेब वेगळा झाला असता. तिथे ५ लाख ही ठरलेली देणगी नसून त्या वर्षाच्या खर्चाची कमाल मर्यादा असते. बिल २,६०,०००चे असेल तर दावा तेवढ्याचाच. त्यातून हातमोजे, नोंदणी शुल्क यांसारखे न धरले जाणारे खर्च वजा होतात आणि बाकीची रक्कम जाळ्यातल्या रुग्णालयाला परस्पर दिली जाते. पुढच्या वर्षी नूतनीकरण केले की मर्यादा पुन्हा पूर्ण ५ लाखांची होते. ही योजना निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० असताना ८,०००ची खोली घेतली, तर फक्त ३,००० खिशातून जात नाहीत; डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. म्हणून अशी मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी बरी. पण या त्रुटी बिलाच्या काही भागापुरत्या आहेत. बचत विम्यात तर बिलाचा विचारच नाही.

मग गोंधळ का होतो? दोन्ही गोष्टी बरेचदा एकच एजंट किंवा बँकेचा एकच कर्मचारी सांगतो, आणि दोन्ही मार्चअखेरीस कर वाचवण्याच्या घाईत घेतल्या जातात. जुन्या करप्रणालीत जीवनविम्याचा हप्ता ८०सी खाली आणि आरोग्यविम्याचा ८०डी खाली दाखवतात, हा फरकसुद्धा फॉर्म भरण्यापुरताच लक्षात राहतो. त्याहून घातक गोंधळ रायडरमुळे होतो. जीवनविमा पॉलिसीला ‘क्रिटिकल इलनेस’ जोडले की आजारपणाची सोय झाली, असे भले शिकलेले लोकही मानतात. हा रायडर यादीतल्या आजाराचे, व्याख्येत बसेल इतके गंभीर निदान झाले तरच एकरकमी पैसे देतो. आपल्या वरच्या उदाहरणातच पाहा. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित व्याख्येत छाती उघडून केलेली बायपास धरली आहे आणि अँजिओप्लास्टी स्पष्ट शब्दांत वगळली आहे. पॉलिसीत अँजिओप्लास्टीची वेगळी तरतूद नसेल, तर आधी ठरलेल्या तीव्रतेचा हृदयविकाराचा झटका सिद्ध झाल्याशिवाय त्या माणसाला रायडरमधूनही काही मिळणार नाही. डेंग्यू, अपेंडिक्स, मोडलेले हाड यांचा तर प्रश्नच येत नाही. आयुर्विमा कंपन्यांच्या काही योजनांच्या नावात ‘आरोग्य’ असते, त्यांचेही असेच आहे. २०१६ पासूनच्या नियमांनुसार आयुर्विमा कंपन्यांना प्रत्यक्ष बिलाची भरपाई देणारी वैयक्तिक आरोग्य पॉलिसी विकता येत नाही. या कंपन्या रुग्णालयातल्या दर दिवसामागे किंवा ठरावीक शस्त्रक्रियेमागे ठरलेली रक्कम देतात. ती पूरक म्हणून उपयोगी आहे. पण दिवसाला २,००० मिळाले आणि चार दिवसांचे बिल अडीच लाख झाले, तर त्यातून किती भागणार?

सर्वांत जोरदार आक्षेप असतो तो पैसे परत येण्याचा. आजारी पडलो नाही तर मेडिक्लेमचे पैसे वाया गेले, बचत विम्यात निदान परत तरी मिळतात, असे लोक म्हणतात. या म्हणण्यामागची काटकसर मला समजते, तिची टिंगल करावीशी वाटत नाही. पण आरोग्यविम्याचा हप्ता काही हजारांत राहून लाखांचे संरक्षण देतो, ते तो परत येत नाही म्हणूनच. आजारी न पडलेल्यांच्या हप्त्यांतून आजारी पडलेल्यांची बिले भागतात. बचत विम्यात परत येतो तो मुख्यतः आपलाच पैसा, तोही वर्षानुवर्षे अडकून बहुधा मुदत ठेवीच्या आसपासच्या किंवा त्याहून कमी दराने वाढलेला. आजारपणासाठी त्यातला एक रुपयाही बाजूला काढलेला नसतो. कंपनीचा गट विमा आहे म्हणून थांबणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की तो सहसा नोकरीबरोबर जातो, आणि नोकरी जाते किंवा निवृत्ती येते त्या वयात रक्तदाब-मधुमेहाची नोंद झालेली असू शकते. आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागते.

आपल्या कपाटातला कागद नेमका कसला आहे हे ओळखायला फार वेळ लागत नाही. त्यावर मुदतपूर्तीची तारीख आणि बोनसचा उल्लेख असेल तर ती बचत आहे. खोलीभाडे, प्रतीक्षा कालावधी, कॅशलेस, टीपीए हे शब्द असतील आणि दावा बिलावर मोजला जात असेल तर तो आरोग्यविमा. पहिल्या प्रकारचाच कागद सापडला तर घाईने पॉलिसी मोडू नका. आधी आरोग्यविम्याचा अर्ज करा आणि त्यात साखर, रक्तदाब, जुन्या शस्त्रक्रिया सगळे खरे लिहा. लपवलेली गोष्ट पहिल्या पाच वर्षांत दावा नाकारायला पुरेशी ठरू शकते. पॉलिसी हातात आल्यावर तपासणीसाठी ३० दिवस मिळतात, त्या काळात खोलीभाड्याचे आणि प्रतीक्षा कालावधीचे कलम वाचून घ्या. दोन हप्ते झेपत नसतील तर त्यानंतर जुन्या बचत पॉलिसीच्या शाखेत जाऊन ती पेड-अप करता येते का ते विचारा. पेड-अप झाली की पुढचे हप्ते थांबतात, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते आणि ती मुदतीअखेर मिळते. कुटुंबाचे जीवनसंरक्षण त्यामुळे घटते, तेव्हा ते पाऊल टर्म विमा मंजूर झाल्यावरच उचला.